आत्याचा टीव्ही आणि दहा जणांना पाठवायचा मेसेज

«सावधान!! यूट्यूबवरचं टीव्हीचं चिन्ह दाबू नका. फोन टीव्हीला जोडला की ओटीपी, फोटो, चॅट सगळं टीव्हीत जातं आणि तिथून हॅकरकडे. फोनचा डेटा आणि बॅटरी संपते. लांब बसलेला माणूस तुमचा टीव्ही चालवू शकतो. रांगेत लावलेले व्हिडिओ आपोआप उडतात. त्यापेक्षा स्क्रीन मिररिंग वापरा, ते सुरक्षित आहे. दहा जणांना पाठवा.»

हा मेसेज नागपुरात, महालातल्या आमच्या आत्याच्या भिशीच्या ग्रुपवर आला आणि गेल्या महिन्यापासून तिने यूट्यूब फोनवरून टीव्हीवर लावणं बंद केलं. आता ती रिमोटचे बाण दाबत एकेक अक्षर शोधते. ‘कीर्तन’ लिहीपर्यंत कूलरमधलं पाणी संपतं. मी विचारलं तर म्हणाली, “मले त्यातलं काही समजत नाही बाप्पा, पण इतक्या जणींनी पाठवलं म्हणजे काहीतरी असनच.”

काही नाही. आणि जे थोडंबहुत आहे ते मेसेजवाल्याने उलटं सांगितलंय.

सगळ्यात घातक वाक्य शेवटून दुसरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात. टीव्हीचं चिन्ह दाबून फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ लावणं म्हणजे कास्ट. कास्ट आणि मिररिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिररिंगमध्ये फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर उमटतो. कास्टमध्ये पडदा जातच नाही, फोन टीव्हीला फक्त निरोप देतो की अमुक व्हिडिओ लाव. मग टीव्हीतलं यूट्यूब तो व्हिडिओ घरच्या वायफायवरून स्वतः आणतं. गूगल कास्टची अॅप बनवणाऱ्यांसाठी गूगलनेच जी माहिती लिहिली आहे, तिच्यात हीच मांडणी आहे: फोन हा पाठवणारा आणि नियंत्रक, टीव्ही हा घेणारा, आणि चित्र-आवाज घेणाऱ्याने थेट इंटरनेटवरून उचलायचा. थांबव, पुढे ने, आवाज वाढव हेही असेच छोटे निरोप. त्या वाटेवरून गॅलरी किंवा मेसेज टीव्हीत जात नाहीत.

आत्याला हे वाचून दाखवून उपयोग नव्हता, म्हणून रविवारी तिच्या दिवाणखान्यात करून दाखवलं. तिच्या फोनवर कीर्तन उघडलं, वरचं चिन्ह दाबलं, यादीतून तिचा टीव्ही निवडला. कीर्तन टीव्हीवर सुरू झालं. मग मी तिचा फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि वायफायही बंद केलं. बुवा टीव्हीवर गातच राहिले. चित्र फोनमधून येत असतं तर तिथेच गोठलं असतं. गेलं काय, तर फोनवरचं नियंत्रण. ते वायफाय लावून पुन्हा जोडल्यावर परत आलं.

मग फोन जोडलेला असतानाच तिला दुसऱ्या फोनवरून एक साधा मेसेज पाठवला, “तुमचा कोड 4321”. टीव्हीवर काहीच नाही, फोनवर टिंग वाजलं तेवढंच. आता मेसेजवाल्याचा ‘सुरक्षित’ उपाय: मिररिंग लावलं आणि तोच मेसेज पुन्हा पाठवला. कीर्तनकाराच्या फेट्यावर ही भलीमोठी पट्टी, त्यात आकडा, आणि खोलीत तिच्या नातवाचे चार मित्र. आत्या म्हणाली, “अरे, हे तर उलटंच झालं!” नव्या अँड्रॉइडमध्ये पडदा शेअर करताना ओटीपीच्या सूचना झाकायची सोय आली आहे, पण तिचा फोन जुना आहे आणि भिशीतल्या निम्म्या जणींचेही तसेच असणार.

ही भीती आली कुठून, याचा मला अंदाज आहे. अनोळखी माणूस फोन करतो, एक अॅप टाकायला लावतो, त्याला आपला पडदा दिसायला लागतो आणि ओटीपी जातो. हा प्रकार खरा आहे. 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनेही अशा अॅपबद्दल सावध केलं होतं. पण तो पडदा दाखवण्याचा धोका आहे. त्याचं खापर कास्टवर फोडून वर पडदा दाखवायचाच सल्ला द्यायचा, याला काय म्हणावं!

डेटा-बॅटरीचं वर आलंच. फोन फक्त रिमोट आहे, पडदा बंद करून बाजूला ठेवला तरी चालतो. टीव्हीलाच फोनचं हॉटस्पॉट दिलं असेल तर डेटा जाणारच, पण तो रिमोटने व्हिडिओ लावला तरी जाईल.

लांबच्या माणसाचं मात्र, नाइलाजाने कबूल करतो, अर्धं खरं आहे. टीव्हीतल्या यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये Link with TV code आहे. तिथे आकड्यांचा कोड दिसतो. तो फोनच्या यूट्यूबमध्ये Watch on TV इथे घातला की जोडणी होते आणि त्यासाठी दोघं एकाच वायफायवर असावं लागत नाही. मी एकदा वर्ध्याला मावशीचा टीव्ही असा जोडला होता. नंतर नागपुरात घरी रात्री अकराला यादीत घाईत चुकीचं नाव दाबलं आणि मावशीकडे क्रिकेटचा आरडाओरडा सुरू! पण तिच्या टीव्हीवर व्हिडिओ लावणं-थांबवणं एवढंच माझ्या हातात होतं, तिचा फोन नाही. नको असलेले फोन टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये Linked devices मधून काढता येतात. तिने दुसऱ्या दिवशी मला काढलं.

याच्याशी गल्लत होईल असा दुसरा एक कोड आहे, तो जपा. टीव्हीवर खातं उघडताना youtube.com/activate वर घालायचा कोड येतो. तुमच्या स्वतःच्या टीव्हीवर दिसत नसलेला असा कोड कोणी पाठवला आणि तुम्ही तो घातला, तर त्याच्या टीव्हीवर तुमचं यूट्यूब खातं उघडेल. मेसेजमध्ये खरं तर हे हवं होतं.

रांगेबद्दल आत्याचीही तक्रार होतीच: “माझं अर्धं कीर्तन खाल्लं.” टीव्हीने नाही खाल्लं. फोन जोडलेला असताना दुसऱ्या व्हिडिओवर बोट ठेवलं की Play आणि Add to queue असे दोन पर्याय येतात. Add to queue दाबलं तर व्हिडिओ शेवटी जाऊन उभा राहतो. Play दाबलं की चालू असलेला तिथेच कापला जातो. आणि ही रांग एकट्या आत्याची नाही. घरातले दोन-तीन फोन एकाच वेळी त्या टीव्हीला जोडता येतात आणि कोणीही त्यात घालू-काढू शकतो. नातू स्वयंपाकघरातून जोडून Play दाबत होता, एवढीच भुताटकी. शिवाय रांग त्या वेळेपुरतीच असते. रोज तीच पाच कीर्तनं हवी असतील तर प्लेलिस्ट करून ठेवायची आणि ती लावायची. तिला तशी करून दिली.

निघताना तिने फोनवरून स्वतः तीन कीर्तनं रांगेत लावली. दुसऱ्याला Play दाबलं गेलं, तशी नातवाकडे बघत म्हणाली, “या वेळी मीच होती.” भिशीच्या ग्रुपवर काय लिहायचं ते मी टाइप करून दिलंय. तिने अजून पाठवलेलं नाही, कारण तो मेसेज टाकणारी बाई भिशीची खजिनदार आहे.