तांब्याचा तांब्या आणि शुभ्र पांढरा कागद

«पहिल्या फोटोतच सगळं सांगून टाका: फायदे, ऑफर, शेजारी दोन फुलं. पांढरं बॅकग्राउंड हवंच असेल तर चादरीवर फोटो काढा आणि ॲपने कापून घ्या, पाच मिनिटांचं काम. बाकीचे फोटो चारही बाजूंनी काढले की झालं. नाहीतरी ते बघतं कोण!»
(ऑनलाइन विकणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतले एक काका हा सल्ला तंतोतंत पाळून माझ्याकडे नवे फोटो काढून घ्यायला आले होते. वस्तू होती मठारलेला तांब्या, वर झाकणासारखं बसणारं फुलपात्र. हाताने ठोके घालून केलेलं काम इतकं देखणं, की कॅमेरा बाजूला ठेवून आधी हातात घेऊन बघावं. पण त्यांचं ॲमेझॉनवरचं लिस्टिंग महिनाभर शोधात दिसतच नव्हतं. काकांना वाटत होतं, मागणी नाही.

त्यांच्या पहिल्या फोटोत झेंडूची फुलं होती, एक लिंबू होतं आणि कोपऱ्यात ‘शुद्ध तांबे’ असा सोनेरी शिक्का. ॲमेझॉनचा नियम साधा आहे. मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे 255. वस्तूने चौकटीचा निदान 85 टक्के भाग व्यापायचा. अक्षरं, लोगो, वॉटरमार्क नको, आणि गिऱ्हाइकाला मिळणार नाही अशी वस्तूही नको. नियम मोडला तर लिस्टिंग शोधातून वगळलं जाऊ शकतं, आणि तेच झालं होतं.

नियम बाजूला ठेवला तरी हिशेब चुकतोच. शोधाच्या यादीत फोनवर हा फोटो टपालाच्या तिकिटाहून फार मोठा नसतो. तिथे शिक्का वाचता येत नाही, आणि शिक्क्याला जागा करण्यासाठी तांब्या मात्र बारीक होतो. पहिल्या फोटोने एवढंच करायचं: ही काय वस्तू आहे आणि पैसे दिल्यावर नेमकं काय हातात येणार, हे अर्ध्या क्षणात कळवायचं. काका फुलपात्र सोबत देतात, म्हणून ते फोटोत हवंच. वेगळं विकत असते, तर ठेवणं म्हणजे फसवणूक झाली असती.

चादरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तांबं हा आरसा आहे. घरातल्या उजेडात त्यात निळी भिंत, खिडकीचे गज आणि फोन धरलेले आपण, सगळे उमटतो. फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा आपोआप साधला जाणारा तोल, एवढा केशरी रंग पाहून गोंधळतो आणि चित्र निळसर करतो, मग तांबं मरगळलेलं दिसतं. हाताने उलट बाजूला जास्त सरकवलं, तर ते पितळेसारखं पिवळं होतं. त्यावर ॲपने कापायला गेलं की ॲप कडा शोधतं, आणि मठारकामाच्या कडेवर जिथे जिथे चकाकीचा पांढरा ठिपका आहे, तिथे त्याला कड सापडत नाही. परिणामी तांब्याला उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. काकांच्या फोटोत गळ्यापाशी असे चार चावे होते.

म्हणून पार्श्वभूमी कापायची नाही, मुळातच पांढरी काढायची. टेबलामागे अडीच-तीन फुटांवर पांढरा कागद लावला आणि त्यावर वेगळा दिवा टाकला. कागदावरचा उजेड वस्तूवरच्या उजेडापेक्षा साधारण एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट ठेवला. त्याहून वाढवला तर मागचा उजेड पुढे सांडतो आणि कड विरघळते. तांब्यावरचा उजेड मोठ्या ट्रेसिंग पेपरमधून गाळून घेतला, म्हणजे ठोक्याठोक्यावर टोचणाऱ्या ठिणग्या न येता मऊ पट्टा येतो.

खरी युक्ती मात्र काळ्या कार्डशीटची. चौकटीच्या अगदी बाहेर, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उभ्या केल्या. तांब्यात त्यांचं प्रतिबिंब पडतं आणि कडेने एक गडद रेघ उमटते. पांढऱ्यावर पांढरी हरवणारी कड अशी आपोआप आखली जाते. व्हाइट बॅलन्स राखाडी कार्डवर एकदा घेऊन पक्का केला. कॅमेरा पाच फूट मागे नेला, पुढे काळं कापड, त्याला लेन्सपुरतं भोक, म्हणजे कॅमेरा आणि आपण तांब्यात उमटत नाही. वस्तू उचलायची ती सुती हातमोज्यांनीच, कारण नुकत्याच घासलेल्या तांब्यावर बोटाचा ठसा लगेच दिसतो.

पांढरं झालं की नाही, हे डोळ्याला विचारू नये. 246, 244, 238 हेही डोळ्याला पांढरंच वाटतं, पण पानाच्या शुभ्र पांढऱ्यावर त्याची मळकट चौकट उठून दिसते. कुठल्याही एडिटरमध्ये रंग उचलणारं ड्रॉपर घेऊन चारही कोपरे आणि बुडाची दोन्ही अंगं तपासावीत. बहुतेक वेळा चोर बुडापाशी सापडतो: टेबलाची सावली. ती बुडाला चिकटून तिथेच संपायला हवी. फाइल 2000 गुणिले 2000 पिक्सेलची ठेवली, म्हणजे ग्राहकाला मोठं करून ठोके पाहता येतात. झूम चालायला मोठी बाजू निदान 1000 पिक्सेल लागते.

आता पुढचे फोटो. तांब्या गोल आहे, चारही बाजूंनी तो सारखाच दिसणार! मी काकांना विचारलं, “दुकानात लोक काय विचारतात?” ते म्हणाले, “ताई, तेच ते. पाणी किती मावतं, हात आत जातो का, काळा पडतो का, कल्हई आहे का.” चार प्रश्न, चार फोटो. यादी तिथेच झाली.

दुसऱ्या फोटोत शेजारी एक लिटरची बाटली आणि उंचीचा आकडा, कारण पांढऱ्या कागदावर एकटा उभा तांब्या केवढा, ते कुणालाच कळत नाही. पाणी मोजून ओतलं: काठोकाठ 1.2 लिटर, गळ्यापर्यंत 1 लिटर. फोटोवर 1 लिटरच लिहिलं, कारण काठोकाठ कोणी भरत नाही. तिसऱ्यात आत गेलेला हात. चौथ्यात वरून दिसणारा आतला भाग, ‘आतून कल्हई नाही, फक्त पाण्यासाठी’ या शब्दांसह. ताक किंवा लिंबूपाणी ठेवलं तर आंबटपणाने तांबं त्यात उतरतं. काका कुरकुरले, पण हे वाचून जो घेणार नाही, त्याने तो परतच पाठवला असता.

पाचवा फोटो माझा आवडता: नवा तांब्या, महिनाभर वापरलेला तांब्या आणि चिंच-मिठाने घासलेला तांब्या, तिन्ही एकाच उजेडात, एकाच जागी. काळा पडतो हे लपवण्यापेक्षा दोन मिनिटांत उजळतो हे दाखवलेलं बरं. ‘मधुमेह बरा होतो’ छाप वाक्य मात्र मी एकाही फोटोवर घालू दिलं नाही. फायदा म्हणजे फोटोत डोळ्यांनी दिसतो तो.

आणि बघतं कोण, तर फोनवरचा प्रत्येक जण. वर्णन खाली असतं, फोटो अंगठ्याखाली. म्हणून फोटोवरची अक्षरंही फोनच्या मापाने हवीत. 2000 पिक्सेलचा फोटो साडेसहा सेंटिमीटरच्या पडद्यावर आला की 80 पिक्सेलचं अक्षर जेमतेम अडीच मिलिमीटर उरतं. त्याहून लहान नको, आणि एका फोटोवर पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त नकोत.

काढण्याचा क्रम वेगळा असतो, हे पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. महिनाभर आधी काकांनी एक तांब्या घरच्या पिण्याच्या पाण्याला लावला आणि घासायचा नाही अशी घरात ताकीद दिली. शूटिंगच्या दिवशी सकाळी नवा तांब्या घासून, हात न लावता, आधी पांढरा फोटो. मग मापाचा, मग हाताचा, आणि चिंच सगळ्यात शेवटी, कारण ती एकदा टेबलावर आली की पांढरा कागद संपला.