छंद जोपासा म्हणे!

आज एका साक्षगंधाला गेले होते. पंगतीत समोर एक निवृत्त साहेब बसलेले, सरकारी, जुन्या पेन्शनवाले. माझ्या भाटव्यांना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, म्हणाले, "सत्तावन्न झाले ना? मग आता निवांत. छंद जोपासा, फिरा, दुसरी इनिंग एन्जॉय करा." भाटवे हसून पोळी मोडत राहिले. मी गप्प बसले, लग्नघर होतं म्हणून. घरी आल्यापासून मात्र डोकं तापलंय.

भाटवे कापसाच्या जिनात इलेक्ट्रिक फिटर आहेत, पांढरकवड्याकडे. त्यांची दुसरी इनिंग म्हणजे काय ते मी माझ्या सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर पाहिलंय. गेल्या महिन्यात ताई त्यांना हाताला धरून घेऊन आली. "पाय गं बाई, यायची पेन्शन किती बसते ते."

पीएफचं पासबुक उघडलं. त्यात तीन रकाने असतात: कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. लोक पहिले दोन बघतात अन् बंद करतात. खरा तिसरा बघायचा असतो. दरमहा 1,250 दिसले तर कागदावर पगार 15,000 किंवा जास्त, कारण पेन्शनमध्ये पगाराचे 8.33 टक्के जातात आणि 2014 पासून मर्यादा 15,000 ची आहे. भाटव्यांच्या रकान्यात 750. म्हणजे कागदावर पगार 9,000! हातात पडतात त्याच्या दुपटीनं. मी विचारलं, तर म्हणाले, "मालक मने, कागदावर कमी ठेवतो, बाकी वरून देतो. तुही कपात वाचते, मलेही परवडते."

परवडते! वरच्या पैशावरची बारा टक्के कपात वाचली म्हणून माणूस खूश, अन् मालकाचीही त्यावरची भरणी वाचली. कोणत्या मालकाची गोष्ट ते विचारू नका. आमच्याकडं हे सर्रास चालतं.

आता हिशेब सांगते, शांतपणे. पीएफसोबतची पेन्शन योजना म्हणजे ईपीएस-95. तिची पेन्शन म्हणजे पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी. पुन्हा वाचा: शेवटच्या 60 महिन्यांची. म्हणून अठ्ठावन्नला, पेन्शन सुरू व्हायच्या वयात, मालकाशी भांडून काही होत नाही, त्रेपन्नला भांडायचं. भाटव्यांनी आज कागदावर 15,000 करून घेतले तरी सरासरीत एकच वर्ष येणार.

2014 च्या सप्टेंबरपासून ते ह्या जिनात आहेत. 58 पूर्ण होतील तेव्हा 12 वर्षं भरतील. 9,000 नं महिना 1,543 रुपये. कागदावर 15,000 असते तर 2,571. फरक हजाराचा, मरेपर्यंत, आणि मागं ताईलाही त्याच हिशेबातून अर्धी मिळते.

बरं, ह्या 12 वर्षांआधी? 2004 ते 2012 ते दुसऱ्या जिनात होते. तो जिन बंद पडला. त्या खात्याला UAN, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांची पीएफ खाती जोडणारा एकच नंबर, नाही, कारण UAN आलाच 2014 मध्ये. मी म्हटलं जुनी चिठ्ठी शोधा. ताईनं ट्रंक उपसली आणि लग्नाच्या पत्रिकांखाली पीएफची वार्षिक स्लिप सापडली, पिवळी पडलेली, खात्याचा नंबर मात्र स्वच्छ. हीच स्लिप नसती तर आठ वर्षं गेली असती हवेत. जुन्या वर्षांचा हिशेब 6,500 च्या मर्यादेनं होतो, म्हणून 743 रुपयेच वाढतात. कमी वाटतं? पण 12 नि 8 मिळून 20 वर्षं झाली, आणि 20 वर्षं पूर्ण असली की नियमानं आणखी दोन वर्षं वरून जोडली जातात. खातं जोडायला अर्ज टाकलाय. आधारवर नाव "गजाननराव" आणि पीएफमध्ये "गजानन", जन्मतारीखही वेगळी, शाळेत मास्तरनं टाकलेली 1 जून. हे दुरुस्त करायलाच महिने जातात. म्हणून म्हणते, ही कामं पन्नाशीलाच काढा.

आणि त्याआधीची 1996 ते 2001 ची पाच वर्षं? ती गेली. विहीर खोदायची होती म्हणून पीएफसोबत पेन्शनचे पैसेही उचलले. दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत नोकरी सोडली की हा पर्याय असतो. स्कीम सर्टिफिकेट घेतलं असतं तर ती वर्षं पुढं जोडली गेली असती. विहिरीला पाणी लागलं, एवढं खरं. पण तेव्हा कुणी सांगितलंच नाही की दुसरा कागदही असतो. महिना साडेचारशेच्या वर रक्कम झाली असती.

मान्य, सगळी वर्षं जोडली गेली असती तरी तीन हजारांत घर चालत नाही. तरी तीन हजार आणि दीड हजार ह्यात फरक आहे, हे ज्याला दुकानात उधारी मागावी लागते त्याला विचारा.

हंगामी बायांसाठी एक गोष्ट सांगूनच टाकते. कापसातून सरकी काढायच्या रेचावर नि सरकी गोळा करायला ज्या येतात, त्यांचं काम कापसाच्या हंगामापुरतं. पेन्शनसाठी दहा वर्षं लागतात म्हटलं की त्या म्हणतात, "आमचं कुठं भरते मा?" पण हंगामी कामगाराचं एका वर्षातलं काम कमी महिन्यांचं असलं तरी पात्रता मोजताना ते पूर्ण वर्ष धरतात. अट एकच, त्यांची वर्गणी भरलेली हवी. ती भरलीय का हे पासबुकात दिसतं. नाही भरली तर तक्रार करावी लागते, आणि ती करायला हिंमत लागते, हे मलाही कळतं.

आता त्या "दुसऱ्या इनिंग"बद्दल. भाटवे जिनात व्हीएफडी पॅनेल बघतात, मोटारीचा वेग कमीजास्त करणारं. शेतातल्या सोलर पंपाचा कंट्रोलर आतून त्याच जातीचा असतो. ते मागच्या उन्हाळ्यात आमच्या वावरात आले तेव्हा पंप सकाळी चालायचा, दुपारी बंद. मी म्हटलं कंपनीला फोन करू. ते म्हणाले, "थांब वं." आधी प्लेटवरची धूळ पुसली, मग केबलचे जोड हातानं चाचपले. एक जोड गरम लागला, सैल होता, ऊन वाढून करंट वाढला की तिथंच घोटाळा व्हायचा. नवा जोड टाकला, पंप संध्याकाळपर्यंत चालला. कुसुम योजनेत पाच वर्षं देखभाल कंपनीची असते, पण त्यांचा माणूस येईपर्यंत कपाशी वाळते. आणि पाच वर्षं संपलेले पंप वाढतच जाणार, भाटव्यांना काम कमी नाही.

आणि अठ्ठावन्न झाले की काम चालू असलं तरी पेन्शन सुरू होते, हेही कुणाला माहीत नसतं. भाटव्यांना वाटत होतं, जिन सोडावा लागेल. नाही सोडायचा. जमत असेल तर पेन्शन साठपर्यंत पुढं ढकलता येते, दर वर्षाला चार टक्के वाढतात. उलट घाईत आधी घेतली तर तेवढेच दर वर्षामागं कापतात. छंद नसला तरी चालतं, घाई मात्र नको.

ज्यांच्या घरी जिनात, सूतगिरणीत, कारखान्यात कुणी पंचेचाळिशीच्या पुढं आहे, त्यांनी आधार, जुनी स्लिप आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन केंद्रावर यावं. मोबाइल नातवाकडं राहिला म्हणून परत जाणारे फार आहेत. ओटीपी त्याच्यावरच येतो.