इश्यू झाला, ओके

कामावर हुशार दिसायचंय आणि जबाबदारीही अंगाला लागू द्यायची नाही? मग 'इश्यू' हा शब्द कायम खिशात ठेवा. मी रत्नागिरीत मासळी गोठवण्याच्या कारखान्यात पाळी सांभाळतो आणि या शब्दाचा गुण मी स्वतः अनुभवलाय.

पावसाळ्याच्या तोंडावरची रात्र होती. दोन नंबरच्या कोल्ड स्टोअरच्या दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेची रबरी पट्टी, खालच्या कोपऱ्यात सुटली होती. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं, तर ती कुठेही न अडकता हातात आली. ओळखायला आणखी काय हवं? पण 'दोन नंबरचं दार नीट लागत नाही, नवीन गॅस्केट द्या' असं लिहिणं म्हणजे अगदीच गावठी. मी ग्रुपवर टाकलं : 'दोन नंबर गॅस्केट इश्यू झाला.' स्टोअरकीपरनं 'ओके' म्हटलं. मी निर्धास्त.

आता स्टोअरकीपरच्या जागी बसून बघा. त्याच्या जगात इश्यू म्हणजे अडचण नव्हेच. स्लिप घेऊन वस्तू दिली की ती इश्यू झाली. खरं तर मराठी व्याकरण अशा वेळी मदतीला येतं. 'गॅस्केटचा इश्यू झाला' म्हणजे भानगड, 'गॅस्केट इश्यू झालं' म्हणजे वस्तू मिळाली. एक 'चा' आणि एक अनुस्वार, एवढ्यावर सगळं. 'चा' मी वेळ वाचवायला खाल्ला होता. आणि स्टोअरकीपर मालवणकडचा. त्याच्याकडे 'काय झालं'ला 'काय झाला' म्हणतात, म्हणजे माझा 'झाला' त्याला त्याच्या घरचाच वाटला. घाटावरच्या माणसानं अर्धवट इंग्रजीत लिहिलेलं वाक्य कोकणात अस्सल मालवणी म्हणून वाचलं गेलं. एकात्मता म्हणतात ती हीच.

सकाळी दोन नंबरचा काटा उणे २० वरून उणे ११ वर. फटीतून रात्रभर दमट खारी हवा आत जात होती. तिचा बर्फ कॉइलवर साचला, पंख्याची हवा अडली आणि खोली तापत गेली. (यालाही आम्ही इश्यूच म्हटलं.)

"सायबानू, तुमीच लिवलात ना, इश्यू झाला म्हणून? माका वाटला कोणीतरी नेला."

"मग ओके कशाला म्हणालात?"

"वाचलंय म्हणान."

हे 'ओके'सुद्धा शिकून घ्या. वाचलं, पटलं, करतो, केलं, पुढे बोलू नका : पाचही अर्थ त्यात बसतात, आणि नंतर त्यातला कुठलाही नाकारता येतो.

एवढ्यावर थांबू नका. क्वालिटीवाल्या मॅडमनी फोनवर सांगितलं, 'दोन नंबरचा माल होल्ड करा.' म्हणजे काय, हे विचारणं कमीपणाचं, म्हणून आम्ही विचारलं नाही. मुकादमानं होल्डचं 'धरून ठेवा' केलं आणि माल होता तिथेच, त्याच तापणाऱ्या खोलीत, इमानानं धरून ठेवला. मॅडमना म्हणायचं होतं : गाडीत भरू नका, तीन नंबरमध्ये हलवून वेगळा ठेवा, लाल पट्टी लावा. तासाभरानं त्यांनी एका ब्लॉकला ड्रिलनं भोक पाडून आत थर्मामीटर घातला. गोठवलेल्या मालाला उणे १८ लागतं. आला उणे १४. त्यानंतर मॅडम जे बोलल्या ते मात्र शुद्ध मराठीत होतं आणि सगळ्यांना एका फटक्यात कळलं.

हे वाचून कोणी इंग्रजी हद्दपार करायला निघेल, तर त्यांनाही माझा पाठिंबा. अमोनिया प्लँटच्या ऑपरेटरला 'संघनकाचा दाब पाहा' असं सांगा. कंडेन्सर, कॉम्प्रेसर, डिफ्रॉस्ट हे शब्द त्याच्या तोंडात बांगड्याइतके रुळलेत, यंत्रावरही तेच लिहिलेत. त्याला ते नीट कळतात, हाच तर दोष. आणि मेकॅनिक कधी येणार हे सांगताना तारीख न देता 'परवा' म्हणा. आपला 'परवा' मागेही जातो आणि पुढेही. 'मेकॅनिकचं परवाचं काय?' या प्रश्नावर दोन माणसं अर्धा तास बोलू शकतात, एक झालेल्या भेटीबद्दल आणि दुसरा होणाऱ्या. 'ट्वेल्थला येणार' म्हटलं की संपलंच सगळं.

गॅस्केट अखेर दुपारी बसलं. मी स्टोअरमध्ये सही करायला गेलो. रजिस्टरात सुंदर अक्षरात नोंद होती. वस्तू : दार गॅस्केट. नग : १. इश्यू : झाला. कारण : इश्यू.

मी खाली लिहिलं, ओके.