साचा मोडला, तरी काय उरतं?

«जेंडर डिस्फोरिया वगैरे काही नसतं. मुलगी मुलांसारखी राहते, मुलगा नटतो-सजतो, त्याला आता मोठं नाव दिलंय इतकंच. ज्याला जे घालायचं ते घालू द्या, जे करायचं ते करू द्या, की प्रश्न मिटला. तरीही शंका असेल तर आरशासमोर उभं राहून स्वतःला एकदा विचारा, उत्तर लगेच मिळतं.»

हा मजकूर मला गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, आणि तिघांनाही तो माझ्या बाजूचा वाटला. कारण माझे केस वर्षानुवर्षं कानाच्या वर आहेत, कपाटात सगळे पुरुषी शर्ट आहेत, आणि मी बाई आहे. त्याबद्दल मला कधी शंका आली नाही. म्हणजे यात ज्यांचा कैवार घेतलाय त्यांच्यापैकीच मी एक. तरी मजकूर चुकीचा आहे, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य वेगळ्या कारणाने चुकीचं आहे.

पहिल्या दोन वाक्यांपासून सुरुवात करू. डिस्फोरिया म्हणजे आपलं लिंगभावाचं भान आणि शरीर जुळत नसल्याचा त्रास. त्याचं निदान कशावरून करतात, हे आधी पाहायला हवं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची डीएसएम नावाची निदानपुस्तिका आहे. तिच्या 2013च्या पाचव्या आवृत्तीत मोठ्यांसाठी सहा लक्षणं दिली आहेत. त्यातली किमान दोन, किमान सहा महिने असावी लागतात, शिवाय त्यातून खरोखरचा त्रास होत असावा किंवा रोजचं जगणं अडत असावं. ही सहा लक्षणं अशी: आपलं लिंगभावाचं भान आणि शरीराची लैंगिक वैशिष्ट्यं यांत ठळक विसंगती, ती वैशिष्ट्यं नकोशी होणं, दुसऱ्या लिंगाची वैशिष्ट्यं हवीशी वाटणं, दुसऱ्या लिंगाचं असण्याची तीव्र इच्छा, लोकांनी आपल्याला तसंच वागवावं अशी तीव्र इच्छा, आणि आपल्या भावना नि प्रतिक्रिया त्या लिंगाच्या आहेत अशी पक्की खात्री. या यादीत कपडे नाहीत. केस नाहीत, छंद नाहीत, चालण्या-बोलण्याची ढब नाही.

लहान मुलांच्या यादीत मात्र कपडे आणि खेळणी आहेत, आणि गोंधळ बहुधा तिथूनच उगवतो. त्या यादीतल्या आठ लक्षणांपैकी पाच कपडे, खेळ, खेळणी आणि सवंगडी यांच्याविषयी आहेत. पण निदानासाठी सहा लागतात. नुसत्या वागण्याची पाचही लक्षणं जमली तरी आकडा सहावर जात नाही. त्यातही «मला दुसऱ्या लिंगाचं व्हायचंय» किंवा «मी तोच आहे, तीच आहे» हे लक्षण सक्तीचं आहे, ते नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. बाहुल्यांशी खेळणारा आणि आपण मुलगा असल्याबद्दल खुशाल असणारा मुलगा या व्याख्येत बसूच शकत नाही.

इथे मजकूर लिहिणाऱ्याची एक गोष्ट मान्य करायला हवी. 1994च्या आवृत्तीत हे दार इतकं घट्ट नव्हतं. तेव्हा पाचपैकी चार लक्षणं पुरत आणि ही इच्छा त्या पाचांतली फक्त एक होती. म्हणजे ती बोलून न दाखवताही मुलाच्या वागण्यावरून तो निकष पूर्ण होऊ शकत असे. त्यावर टीका झाली आणि नियम बदलला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या निदानांच्या यादीत, जी 2022पासून लागू आहे, तर स्पष्टच म्हटलंय की केवळ वेगळं वागणं नि वेगळ्या आवडीनिवडी हा निदानाचा आधार नाही. तेव्हा आक्षेप जुन्या नियमाला लागू पडतो, आजच्या नाही.

आता तिसरं वाक्य, मोकळीक दिली की प्रश्न मिटतो, हे. साच्यात न बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. माझ्याबाबतीत तर पूर्ण खरं ठरलं. ज्या घरात आणि ज्या कामात माझ्या केसांवरून कुणी बोलत नाही, तिथे मला कसलाच त्रास नाही. पण जिथे मोकळीक मिळूनही काहीतरी शिल्लक राहतं, त्या शिलकीचं काय?

दोन काल्पनिक व्यक्ती घेऊ. दोघींचं वय 22, दोघींनाही जन्मतः मुलगी म्हटलं गेलं, दोघींचे केस आखूड, अंगात सैल शर्ट. बाहेरून बघणाऱ्याला दोघी सारख्याच. दोघी सहा आठवडे एक वही ठेवतात. त्रास झाला की चार गोष्टी लिहायच्या: काय घडलं, टोचलं ते नेमकं काय, तिथे कोण होतं, आणि कशाने बरं वाटलं.

पहिलीच्या वहीत अशा नोंदी येतात. «कामावर केसांवरून टोमणा. राग आला. घरी आल्यावर विसरले.» «धावायला गेले, लोक छातीकडे बघत होते, शरीर नकोसं झालं.» तिसऱ्या आठवड्यात ती पहाटे रिकाम्या मैदानावर धावते आणि लिहिते, «आज छातीची आठवणसुद्धा झाली नाही.» सहाव्या आठवड्यात ती स्वतःला विचारते, उद्या उठले आणि पुरुष असले तर? उत्तर येतं, «नको. मी हीच बरी, फक्त ही कटकट नको.» तिच्या जवळपास प्रत्येक नोंदीत समोर कुणीतरी काहीतरी चूक वागलेलं आहे. ते माणूस गेलं की त्रासही जातो.

दुसरीची वही वेगळी. «आंघोळ करताना खाली बघायचं टाळलं. घरात कुणी नव्हतं.» «शेजारच्या काकू प्रेमाने ताई म्हणाल्या. पोटात खड्डा पडला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.» «ऑनलाइन खेळात मुलाच्या नावाने खेळलो, ‘मी आलो’ असं टाइप केलं. मजा वाटली असं नाही, शांत वाटलं.» पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा, आणि शांत वाटणं टिकून. कपड्यांची मोकळीक तिला दोन वर्षांपासून आहे. घरचे काही बोलत नाहीत. तरी वही भरतेच आहे.

फरक ओळखायला मला या वहीतल्या दोन जागा सर्वांत उपयोगी वाटतात. एक, कुणीच बघत नसतानाचा त्रास. दुसरी, प्रेमाने मारलेल्या हाकेचा त्रास. निर्जन बेटावर एकटे असाल तर काय वाटेल, असं विचारायची पद्धत आहे. प्रश्न चांगला आहे, पण अपुरा आहे. काहींना शरीराचं फारसं काही वाटत नाही, त्यांना टोचतं ते लोकांनी चुकीच्या लिंगाने ओळखणं. बेटावर त्यांना ठीकच वाटेल, कारण हाक मारायलाच कुणी नाही. म्हणून सोबत हाकेचा प्रश्नही हवा: टोमणा लागतो की आपुलकीसुद्धा लागते? टोमणा कुणालाही लागतो. अपमानाचा लवलेश नसलेली, मायेची हाक पुन्हा पुन्हा लागत असेल, तर दुखणं वागणुकीपेक्षा खोलवर आहे.

मराठीत आपल्याकडे आणखी एक साधन आहे. आपली भाषा प्रत्येक वाक्याला विचारते, तू गेलास की गेलीस? फक्त स्वतःला वाचता येईल अशी पानभर रोजनिशी दुसऱ्या लिंगात लिहून बघावी, आणि मग नपुंसकलिंगात, कारण काहींना दोन्हीही बसत नाहीत. पहिल्या दिवशी काय वाटलं याला अर्थ नाही, नवलाईच जास्त असते. दहाव्या दिवशी काय वाटतं ते बघावं. आणि एक सावधगिरी: लाडाने किंवा सवयीने «मी येतो, मी जातो» म्हणणाऱ्या मुली पुष्कळ असतात. त्यावरून काहीही ठरत नाही. मीही लहानपणी तसंच बोलायचे.

शेवटच्या वाक्याचा, म्हणजे आरशाचा, मला सर्वांत जास्त राग आहे. आरसा या कामाला फारच वाईट साधन आहे. आरशात नकोसं वाटण्याची कारणं अनेक असतात. एखाद्याला आपलं नाकच कुरूप वाटतं आणि तो दिवसभर तेच तपासत बसतो. त्यात लिंगाचा संबंधच नाही. खाण्याच्या विकारात शरीराचा आकार, विशेषतः वयात आल्यावर आलेली गोलाई, असह्य होते. कुणी नको तिथे हात लावलेला असेल तर शरीराचा तोच भाग शत्रू वाटू शकतो. आणि काहींना मंत्रचळ असतो, ज्यात «मी ट्रान्स तर नाही ना?» हा प्रश्न दिवसातून शंभरदा येतो, दरवेळी छातीत धडधडतं, खात्री करून घेतली की तासभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. तिथे इच्छा दिसत नाही, भीती दिसते. डिस्फोरियात बहुधा ओढ असते, कुठेतरी जायचं असतं. अर्थात यातलं काही आणि डिस्फोरिया हे एकाच माणसात एकत्रही असतात, म्हणून एक सापडलं की दुसरं नाही असं धरून चालू नये. हे वेगळं काढायला लिंगभावाच्या विषयात काम केलेला मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक लागतो. जो पहिल्याच भेटीत «आहे» किंवा «नाही» सांगून मोकळा होतो, तो नव्हे.

«लगेच» हा शब्दही तपासायला हवा. सहा महिन्यांची अट तज्ज्ञांनी उगाच घातलेली नाही. नोकरी जाणं, प्रेमभंग, वयात येणं अशा काळात सगळंच हलतं. तोवर करून बघायच्या गोष्टी परत फिरवता येतील अशा असाव्यात: जवळच्या एका-दोघांत वेगळं नाव, वेगळी क्रियापदं, कपडे, केस. छाती सपाट करायची असेल तर त्यासाठीच बनवलेला, मापाचा बाइंडर वापरावा, आणि तो झोपताना काढावा. इलॅस्टिकची पट्टी किंवा चिकटपट्टी गुंडाळल्याने श्वास अडतो आणि बरगड्यांना इजा होते. या प्रयोगांनी बरं वाटलं, पण मोकळेपणामुळे वाटलं की दुसऱ्या लिंगाचं झाल्यामुळे, हे पुन्हा वहीतच लिहायचं.

साच्यात न बसणं आणि डिस्फोरिया, दोन्ही खरं असणारी माणसंही आहेत. बाईपणाकडे गेलेली, पण साडी-दागिन्यांत रस नसलेली ट्रान्स स्त्री असते, आणि नखं रंगवणारा ट्रान्स पुरुषही असतो. मजकुराच्या हिशेबाने त्यांनी मुळात जागा बदलायलाच नको होती, आहे तिथेच साचा मोडून राहता आलं असतं. त्यांनी ती बदलली, आणि साचा दोन्हीकडे मोडला. दुसरीकडे, विसंगती जाणवते पण तिचा त्रास नाही, अशीही माणसं असतात. डीएसएमचं निदान त्यांना लागत नाही, कारण तिथे त्रासाची अट आहे. आयसीडी-11मध्ये ती अट नाही.

आणि सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनीही वहीतून काही निष्पन्न झालं नाही तर? तर शेवटच्या पानावर «अजून ठरत नाही» असं लिहायचं, आणि तारीख टाकायची.