मित्राचे वडील गेल्यावर त्याला काय लिहायचं

ग्रुपवर कुणाचे आई किंवा वडील गेल्याची बातमी पडली की अर्ध्या तासात खाली भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागते, पहिल्याने जे टाकलं तेच पुढचे सगळे कॉपी करत जातात, कुणी नुसतं आरआयपी, कुणी ओम शांती आणि हात जोडलेला इमोजी. ग्रुपवर मला त्यात काही वावगं वाटत नाही, तिथे बातमी पोचल्याची हजेरी असते आणि घरच्यांनाही इतक्या लोकांना कळलं एवढं पुरतं. पण ज्याच्या घरी आपण जेवलोय, राहिलोय, त्या मित्राला पर्सनलवर पण तेच पाठवायचं हे मला अजिबात पटत नाही.

मध्यंतरी माझ्या आतेभावाने मला एक मेसेज पाठवला, म्हणाला ताई शुद्धलेखन बघ आणि लगेच दे. त्याच्या शाळेपासूनच्या मित्राचे वडील गेले होते. मेसेज असा होता (त्याला विचारूनच इथे टाकतेय):

"प्रिय मित्रा, तुझ्या वडिलांच्या निधनाची बातमी ऐकून अतीव दुःख झाले. काळापुढे कुणाचेही चालत नाही. दीर्घ आजाराच्या यातनांतून ते सुटले असेच म्हणावे लागेल. ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो व तुम्हा कुटुंबीयांस या दुःखातून सावरण्याचे बळ देवो. आम्ही सर्व तुमच्या दुःखात सहभागी आहोत. काहीही लागलं तर निःसंकोच सांग."

शुद्धलेखन चांगलं होतं. पण हा मेसेज कुणाच्याही वडिलांच्या नावाने कुणालाही पाठवता आला असता, आणि मी तपासायला हेच बघते. शिवाय हे दोघं एकमेकांना अरे-तुरे, शिव्या देऊन बोलणारे, एकदम "अतीव" आणि "कुटुंबीयांस" कुठून आलं? मृत्यूची बातमी आली की आपण घाबरतो आणि पेपरातल्या निधनवार्तेच्या भाषेत शिरतो, म्हणजे आपलं काही चुकणार नाही असं वाटतं.

मी त्याला फोन केला आणि म्हटलं काकांबद्दल सांग काहीतरी. तर म्हणाला, खूप मनमिळाऊ होते, सगळ्यांच्या मदतीला धावून जायचे. हे पण चौकातल्या बॅनरवरचंच झालं. म्हटलं, कसे होते ते सोड, तुझ्यादेखत त्यांनी काय केलं ते सांग. जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, दहावीला मी त्यांच्याकडे रात्री अभ्यासाला जायचो, तिथेच झोपायचो, सकाळी निघताना माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांत हवा भरलेली असायची, काका कधी बोलून दाखवायचे नाहीत, पंप दाराशी उभा दिसायचा त्यावरून कळायचं.

मला फोनवरच भरून आलं. मी काकांना कधी पाहिलेलं नाही, पण तो पंप ऐकला आणि माणूस समोर उभा राहिला. आणि ही गोष्ट त्या मित्राला कदाचित माहीतही नसेल, तो तेव्हा झोपलेला असणार. वडील गेल्यावर त्यांच्याबद्दलची एक नवीन गोष्ट हातात पडणं याची किंमत ज्याचं कुणी गेलंय त्यालाच विचारा.

मग त्याने पुन्हा लिहिलं आणि ते दीड पानाचं झालं, त्यात पाच आठवणी, शिवाय स्वतःचे वडील गेले तेव्हा काय वाटलं होतं ते सगळं. आठवणी खऱ्या होत्या पण तो सायकलचा पंप त्यात बुडून गेला. आणि त्या दिवशी त्या मुलाच्या मागे काय काय असतं बघा, स्मशानभूमीची पावती, गुरुजी, गावाकडची माणसं निघाली का, आईने दोन घास खाल्ले का. अशात फोन हातात घेऊन वाचणार तर चार-पाच ओळीच. स्वतःच्या वडिलांचं मी पूर्ण काढायला लावलं. "तुला काय वाटतंय ते मला कळतं, माझेही बाबा गेले" असं लिहिलं की समोरच्याला उलट आपलंच सांत्वन करावं लागतं, हो रे तुझं पण आठवतंय म्हणून. ते पुढे कधी दोघं निवांत बसल्यावर बोलायचं.

"सुटले" यावर आमचा थोडा वाद झाला. तो म्हणाला काका दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, मित्र स्वतःच म्हणायचा आता सुटायला हवेत. मान्य आहे. पण ते त्याने म्हणायचं. ज्याने दोन वर्षं कूस बदलली, डायपर बदलले, त्याच्या तोंडी ते शोभतं, बाहेरच्याने म्हटलं की तुझा त्रास संपला एकदाचा असं ऐकू येतं.

आणि "काहीही लागलं तर सांग". मनापासून म्हणतो आपण, पण सांगणार कोण आणि कधी? त्याने विचार करून आपल्याला काम शोधून द्यायचं असा त्याचा अर्थ होतो. म्हणून भावाला विचारलं तू नेमकं काय करू शकतोस. तो पुण्यात, मित्र कोल्हापूरकडे. म्हणाला शनिवारी जाऊ शकतो, गाडी आहे. मग तेवढंच लिही म्हटलं.

देवाचं मात्र मी सरसकट काढा म्हणणार नाही. ते घर माळकरी, काका पंढरीची वारी केलेले. त्या घरात रामकृष्णहरी रोज उठताबसता म्हटलं जातं, तिथे ते लिहिलं तर घरातलंच वाटतं. "ईश्वर चिरशांती देवो" त्या घरात कुणीच बोलत नाही.

शेवटी जो मेसेज गेला तो असा. सुरुवातीला मित्राला तो ज्या नावाने हाक मारतो ते, ते इथे देत नाही.

"काकांचं आत्ता कळलं. फार वाईट वाटलं रे. दहावीला तुमच्याकडे झोपायचो तेव्हा सकाळी माझ्या सायकलमध्ये काका हवा भरून ठेवायचे, तुला कधी सांगितलं नव्हतं. शनिवारी सकाळी पोचतोय, गाडी घेऊन, रविवार संध्याकाळपर्यंत आहे. स्टँडवरून कुणाला आणायचं असेल, दहाव्याचं सामान आणायचं असेल ते माझ्याकडे दे. काकूंना नमस्कार सांग. उत्तर देत बसू नकोस. रामकृष्णहरी."

"फार वाईट वाटलं" हे साधंच वाक्य आहे, हजारो लोक लिहितात, ते मी मुद्दाम राहू दिलं. घासून गुळगुळीत झालेलं प्रत्येक वाक्य काढायच्या नादात मेसेज कविता व्हायला लागतो आणि ते तर अजून वाईट. एक साधं वाक्य, एक फक्त तुम्हालाच माहीत असलेली गोष्ट आणि एक ठरलेलं काम, एवढ्यावर भागतं. "उत्तर देत बसू नकोस" मात्र नक्की लिहा, शंभर मेसेजना थँक्यू म्हणत बसलेली माणसं मी तेराव्यापर्यंत पाहिली आहेत.

आता बऱ्याच जणांची अडचण अशी की मित्राच्या आईवडिलांना आपण कधी भेटलेलोच नसतो, ऑफिसमधली मैत्री असते. तिथे आठवण बनवून लिहू नका, लगेच कळतं. पण मैत्रिणीच्या तोंडून ऐकलेलं काहीतरी असतंच ना. "तुझ्या आईंना मी भेटले नाही, पण रोज सव्वा वाजता त्यांचा जेवलीस का म्हणून फोन यायचा आणि तू डबा उघडता उघडता बोलायचीस, ते मी रोज ऐकलंय. तुझं महिनाअखेरचं काम मी घेतलंय, साहेबांशी बोलले आहे, सुट्टी संपेपर्यंत लॅपटॉप उघडू नकोस." बास, एवढं पाठवा. फक्त साहेबांशी खरंच आधी बोलून घ्या.