त्या ठिकाणी, खऱ्या अर्थाने

स्मरणिकेत एका पानाची जागा होती. त्या पानात अडीचशे शब्द मावतात आणि काकांचं मनोगत पाचशेच्या वर गेलं होतं. काका ग्रंथालयाचे कार्यवाह. भाषण छान करतात आणि लिहितातही भाषण केल्यासारखंच. कापायचं काम माझ्याकडे आलं. यात माझ्या गुणांचा काही संबंध नव्हता. बाहेरच्या कुणी कात्री लावली असती तर काकांनी राजीनामा दिला असता, एवढंच कारण.

दुसऱ्याचा मजकूर कापणं म्हणजे दुसऱ्याच्या माळ्यावरची अडगळ काढणं. मालक शिडी धरून खाली उभा असतो आणि प्रत्येक तुटक्या वस्तूला म्हणतो, "ते राहू दे गं, लागतं कधीतरी." काका शिडी धरायला स्वतः आले. येताना लाल पेन घेऊन आले आणि ते स्वतःच्याच खिशात ठेवून बसले.

पहिलंच वाक्य असं होतं:

"आपल्या संस्थेचे हे ग्रंथालय अतिशय अद्वितीय असे असून, वाचकांमध्ये वाचनाची आवड निर्माण व्हावी या उद्देशाने वाचनसंस्कृती वाढीस लागण्याच्या दृष्टिकोनातून त्या ठिकाणी सुमारे दोनशेच्या आसपास नवीन पुस्तके उपलब्ध करून देण्याचे काम यंदाच्या वर्षी करण्यात आलेले आहे, ही वस्तुस्थिती कोणीही नाकारू शकणार नाही."

४१ शब्द. काकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, मध्ये दोनदा श्वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "आता यातलं काय काढणार तू?"

मी 'अतिशय'पासून सुरुवात केली. अद्वितीय म्हणजे ज्याला दुसरा नाही तो. दुसरा असतो किंवा नसतो. तो अतिशय नसतो, बऱ्यापैकी नसतो किंवा गेल्या वर्षीपेक्षा जास्त नसतो, असं होत नाही. "काका, कुणी आपल्या मुलाची ओळख 'हा माझा अतिशय एकुलता एक मुलगा' अशी करून देतं का?"

"तसं नाही, पण नुसतं 'अद्वितीय' बोडकं दिसतं."

त्यांचं बरोबर होतं. बोडकं दिसत होतंच. शब्द बोडका दिसतो तेव्हा त्याला टोपी घालायची नसते, तो उभा कशावर आहे ते विचारायचं असतं. मी विचारलं, "अद्वितीय म्हणजे नेमकं काय आहे आपल्या ग्रंथालयात?" काकांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "रात्री दहापर्यंत उघडं असतं. परीक्षेच्या दिवसांत मुलं बसतात. जवळपास दुसरं एकही ग्रंथालय इतक्या उशिरापर्यंत उघडं नसतं." हे त्यांनी पाचशे शब्दांत कुठेही लिहिलं नव्हतं. त्याच्या जागी 'अतिशय अद्वितीय' लिहिलं होतं. विशेषणाला विशेषण लागलं की समजावं, मागे एखादी माहिती लिहायची राहून गेली आहे.

पुढे दोन हेतू होते. आवड निर्माण व्हावी 'या उद्देशाने' आणि संस्कृती वाढीस लागण्याच्या 'दृष्टिकोनातून'. मराठीला हेतू सांगायला एक 'साठी' पुरतो आणि तोही शब्दाला चिकटून बसतो, वेगळी जागा मागत नाही. 'वाढवण्यासाठी' म्हटलं की झालं. पण त्याचं होतं 'वाढवण्याच्या उद्देशाने', मग 'वाढवण्याच्या दृष्टीने', मग 'दृष्टिकोनातून', आणि पार हाताबाहेर गेलं की 'वाढवण्यासाठी म्हणून'.

मात्र इथे मला 'साठी'सुद्धा नको होता. ग्रंथालयात पुस्तकं कशासाठी आणतात, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. वाचकाच्या मनात आधीच असलेला हेतू त्याला पुन्हा सांगायची गरज नाही. अनपेक्षित असेल तेव्हा तो सांगितलाच पाहिजे. तिसऱ्या परिच्छेदात काकांनी लिहिलं होतं, "वाळवी शोधण्यासाठी चारही कपाटे रिकामी केली." तिथल्या 'साठी'ला मी हात लावला नाही. तो काढला असता तर कपाटं का रिकामी केली, असं वाटलं असतं. आणि कार्यवाह पुस्तकं विकून मोकळे झाले की काय, अशीही शंका कुणी घेतली असती.

"आणि 'त्या ठिकाणी'?" काका सावधपणे म्हणाले.

"'तिथे'."

"एवढंच?"

"खरं तर तेही नाही. ग्रंथालयाची पुस्तकं ग्रंथालयातच असणार."

हा घाव वर्मी लागला. 'त्या ठिकाणी' हा काकांचा श्वास आहे. भाषणात त्याला कामही असतं. 'त्या ठिकाणी', 'खऱ्या अर्थाने', 'कुठेतरी' हे बोलत असताना वक्ता पुढचं वाक्य जुळवत असतो आणि ऐकणाराही मागचं पचवून घेतो. कागदावर दोघांनाही ही सवड लागत नाही. लिहिणारा हवा तितका वेळ घेऊन लिहितो आणि वाचणारा हवं तिथे थांबतो. म्हणून तोच शब्द सभेत चालतो आणि छापला की गाळासारखा तळाशी बसतो. हे मी काकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे कुठेतरी तुझं म्हणणं बरोबर आहे."

'ही वस्तुस्थिती कोणीही नाकारू शकणार नाही' हे सहा शब्द काढताना मला वाटलं, आता तरी वाद होणार नाही. पण झाला. काकांना ते वजनदार वाटत होतं. मी विचारलं, "कुणी नाकारलंय का?" नव्हतं. मग हे वाचून प्रथमच कुणाच्या तरी मनात येईल की यात नाकारण्यासारखं काहीतरी असावं. 'ही वस्तुस्थिती आहे की' असं सुरू झालेलं वाक्य 'की'नंतर खरं सुरू होतं. आधीचा भाग उडवला तर पुढचं वाक्य कमी खरं होत नाही.

असं करत करत आम्ही इथवर आलो: "ग्रंथालयाने यंदा सुमारे दोनशे नवीन पुस्तके घेतली." सात शब्द. 'यंदा'मध्येच वर्ष आलं, 'सुमारे'मध्येच 'आसपास' आलं. मला वाटलं, संपलं.

काका अस्वस्थ झाले. "घेतली म्हणू नकोस."

"का?"

"घेतली नाहीत. लोकांनी दिली."

"मग 'नवीन' कशी?"

"आपल्याला नवीन."

"आणि दोनशे?"

काकांनी खिशातून पेन काढलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "नोंदवहीत १६३ आहेत."

तर असं होतं. 'उपलब्ध करून देण्याचे काम करण्यात आलेले आहे' या लांबलचक शेपटात कर्ता नव्हता. कुणी दिली, कुणी घेतली, पैसे मोजले की नाही, काही कळत नव्हतं. १६३ चे दोनशे व्हायला 'सुमारे' एकटं पुरेना, म्हणून सोबतीला 'आसपास' आलं होतं. जिथे शब्द दाटी करतात तिथे बहुधा असंच असतं. लिहिणाऱ्याला एखादी गोष्ट ठाऊक नसते किंवा सांगायची नसते. मजकूर कापणाऱ्याने तिथे आपल्या मनाचं साधं क्रियापद बसवलं तर वाक्य सुटसुटीत होतं आणि खोटंही होतं. म्हणून आधी 'कोणी?' आणि 'किती?' हे विचारायचं, मगच कापायचं. शेवटी छापून आलं ते असं: "यंदा ग्रंथालयाला १६३ पुस्तके देणगी मिळाली. ते रात्री दहापर्यंत उघडे असते; जवळपास दुसरे एकही ग्रंथालय इतक्या उशिरापर्यंत उघडे नसते." शब्द निम्मे झाले आणि माहिती वाढली.

बाकीची पाहणी भराभर झाली. 'किमान कमीत कमी' मधलं एक गेलं. 'पुनर्विचार पुन्हा करावा' मधलं 'पुन्हा' गेलं. 'परंतु मात्र' मधलं जे काकांना कमी आवडतं ते गेलं. 'सहकुटुंबासह यावे' मध्ये कुटुंब दोन्ही बाजूंनी धरून आणलेलं होतं, त्याची एक बाजू सोडवली.

मग काकांनी प्रतिहल्ला केला. माणूस हुशार आहे. "ठीक आहे. मग 'कागदपत्रां'मधलं 'पत्र' काढ. 'शेजारीपाजारी' मधले पाजारी कोण, ते सांग आणि त्यांनाही काढ. 'हळूहळू' चं 'हळू' कर."

हे मात्र कात्री हाती असलेल्या प्रत्येकाने ऐकून घ्यावं असं आहे. अशा जोड्या मराठीच्या हाडात आहेत. 'कागद' फारसीतून आला, 'पत्र' संस्कृतातून, आणि दोघं मिळून जे झालं ते दोघांपेक्षा वेगळं आहे. कागदपत्रं तपासतात, नुसते कागद तपासले तर ते कोरे आहेत की रेघांचे एवढंच कळेल. पाजारी कुणी पाहिलेला नाही, पण 'शेजारीपाजारी' म्हटलं की आख्खी आळी येते. 'हळू चालला' मध्ये वेग कळतो आणि 'हळूहळू चालू लागला' मध्ये काळ जातो. द्विरुक्तीत दुसरा शब्द काहीतरी घेऊन येतो. 'अंदाजे सुमारे' मध्ये तो रिकाम्या हाताने येतो. ओळखायची खूण सोपी आहे. शब्दावर बोट ठेवून वाक्य मोठ्याने वाचायचं. अर्थ, काळ, जोर यांतलं काहीही हललं नाही, तर तो गेला तरी चालतं.

'मी स्वतः माझ्या डोळ्यांनी पाहिले' याला ही खूण लावताना आमचं पुन्हा अडलं. वाळवीच्या परिच्छेदात होतं ते. समितीतल्या दोघांना वाळवी खरीच वाटली नव्हती, म्हणून काकांना तो जोर हवा होता. मी ठेवला. 'सर्वांत ज्येष्ठ सभासद'ही ठेवला. संस्कृतात 'ज्येष्ठ' म्हणजेच सगळ्यांत मोठा, हे खरं. पण मराठीत ज्येष्ठ नागरिकांची रांग लागते आणि त्यातले सगळेच सगळ्यांत मोठे असू शकत नाहीत.

शेवटची ओळ राहिली: "सर्वांचे मनःपूर्वक हार्दिक आभार." मी म्हटलं, काका, मन आणि हृदय यांतलं एक ठेवा. काकांनी पुष्कळ विचार केला. एकाला काढलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल, असा त्यांचा चेहरा झाला. अखेर त्यांनी लाल पेन काढून स्वतःच दुरुस्ती केली: पुस्तकं देणाऱ्यांचे मनःपूर्वक आणि कपाटं उचलणाऱ्यांचे हार्दिक.