आधी गोरी करा, मग म्हणा लव आहे

पिंकीला, माझ्या मामेबहिणीला, नकार आला. पत्रिका जुळत होती, शिक्षण चाललं, शेती चालली, मामाने हुंडा शब्द न वापरता जे काय "मुलीसाठी करू" सांगितलं होतं तेही चाललं, आणि नकार कशावरून तर "मुलीच्या चेहऱ्यावर लव जरा जास्त आहे." मध्यस्थ काकांनी फोन स्पीकरवर असताना हे मामाला सांगितलं, आणि मामा बिचारा काही न बोलता उठून कूलरमध्ये पाणी भरायला गेला, जे मी दहा मिनिटांपूर्वीच भरलं होतं.

आता तो रविवार ऐका. जळगाव जिल्ह्यातलं चोपडा, मे महिना, दुपारी बारा. एका गाडीतून आठ माणसं उतरली, कूलर पाहुण्यांकडे फिरवला, घरचे आम्ही सगळे घामाने निथळतोय. पोहे झाले, चहा झाला, नाव काय शिक्षण काय सगळं झालं, आणि मुलाची आई म्हणाली, "इकडे ये वं बेटा, ओट्यावर ये, उजाळामां दखू दे." बाहेर ऊन असं की चप्पल पायाला चिकटते. पिंकी गेली. त्या बाईने तिची हनुवटी दोन बोटात धरली, तोंड डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, आणि मग अंगठा कानापासून जबड्यावरून हनुवटीपर्यंत असा उलटा फिरवला, केसांच्या विरुद्ध दिशेने. भरताची वांगीसुद्धा आमच्याकडे लोक एवढी निरखून घेत नाहीत. आणि नंतर आत येऊन शांतपणे पदराला बोट पुसलं. पदराला! जसं काय पोरीच्या गालाला ग्रीस लागलंय.

मुलगा आत बसून मोबाईल बघत होता. त्याच्या दोन्ही कानातून केसांचे झुपके बाहेर आलेले, अंबाडा नाही पण वेणी तरी घालता येईल इतके. त्याला कोणी ओट्यावर बोलावलं नाही. मला पुरुषांच्या कानातल्या केसांचा तसाही लहानपणापासून राग आहे, हे मान्य, पण त्या दिवशी जरा जास्तच आला.

पण खरी आग पुढे आहे. ही लव पिंकीला नव्हतीच! गेल्या दिवाळीचे फोटो आहेत माझ्याकडे, भाऊबीजेचे, पोरगी सावळी, गाल स्वच्छ गुळगुळीत. मग पहिलं स्थळ "रंग जरा कमी आहे" म्हणून गेलं, आणि मामी तिच्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून एक छोटी ट्यूब घेऊन आली. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, नुसतं "ती गोरं व्हायची क्रीम द्या" म्हटलं आणि त्याने दिली. आता नकार आल्यावर मी ती चेपलेली ट्यूब कचऱ्यातून काढून मागचं बारीक अक्षर वाचलं. हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनोइन 0.025 टक्के, मोमेटासोन 0.1 टक्के. शेवटचं जे आहे ना, ते स्टेरॉइड आहे. ट्यूबवर लाल पट्टी आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं आहे, 2018 पासून ही स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा शेड्यूल एचचा नियम पण आहे, आणि तरी ती गल्ल्याशेजारी खोकल्याच्या गोळ्यांसारखी पडलेली असते.

हे औषध वाईट आहे असं नाही. वांग येतात ना गालावर, त्याच्यासाठी स्किनवाले डॉक्टर देतात, रात्री, फक्त डागावर, थोडे आठवडे, आणि दिवसा सनस्क्रीन लावायला सांगून. आमच्याकडे ते सगळ्या तोंडाला, सकाळ-संध्याकाळ, दिवाळीपासून आखाजीपर्यंत. सुरुवातीला काय जादू! स्टेरॉइडने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रंग तयार होणं मंदावतं, पंधरा दिवसात तोंड पांढरट चमकायला लागतं, आणि गल्लीतल्या बायका मामीला विचारायला लागल्या, काय लावती वं पोर? मामी इतकी खूश की दुसरी ट्यूब, तिसरी ट्यूब. एकदा ट्यूब संपली आणि चार दिवस आणायची राहिली, तर तोंड लालबुंद, आग-आग, बारीक पुरळ. परत लावली की शांत. मग कोण सोडणार? पोरीला वाटलं, क्रीम नसणंच सोसत नाही. हाच तर त्यातला खेळ आहे, आणि मामीला वाटलं उन्हाळ्याने होतंय. उन्हाळा पण होताच म्हणा. त्या ट्रेटिनोइनने वरची कातडी पातळ होऊन उन्हाला हळवी होते, आणि आमची पिंकी रात्री ती लावून सकाळी गच्चीवर बिबडे आणि कुरडया घालायला. चोपड्याच्या मे महिन्यात. सनस्क्रीन कशाशी खातात ते त्या घरात कोणाला माहीत नाही.

आणि मग आली लव. कल्ल्यापासून जबड्यावर, गालावर, बारीक मऊ लांब केस, जिथे जिथे क्रीम लागली तिथे तिथे. स्टेरॉइड तोंडाला महिनोन् महिने चोपडलं की हे होतं. म्हणजे हिशोब बघा, रंग कमी म्हणून नाकारली, मग रंगासाठी क्रीम लावली, क्रीमने केस आले, मग केसांवरून नाकारली. दोन्ही नकार देणाऱ्या घरांनी एकमेकांशी बसून ठरवलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

मधे पार्लर पण आलंच. पार्लरवालीने लव बघून सांगितलं "हार्मोन्सचा प्रॉब्लेम दिसतोय, पीसीओडी असेल, फेस वॅक्स करून टाकू." त्या पातळ झालेल्या कातडीवर गरम वॅक्स! ओढल्याबरोबर पट्टीला केसांबरोबर कातडीची सालं आली, वरच्या ओठाच्या कडेला आणि हनुवटीखाली ओली जखम, आणि तिथे आता काळे डाग पडलेत. बाईने विचारलं पण नाही तोंडाला काय लावतेस. विचारलं असतं आणि ट्यूब दाखवली असती तर सरळ नाही म्हणायला हवं होतं, ट्रेटिनोइन लावणाऱ्या तोंडाला वॅक्स करत नाहीत हे पार्लरच्या पहिल्या महिन्यात शिकवत असतील असं मला वाटायचं. वरून डाग पडल्यावर म्हणते "डी-टॅन करून देते, डिस्काउंटमध्ये."

मला तर या पार्लरच्या खुर्चीचाच संताप येतो. आयब्रो करायला जा, दोरा दातात धरूनच बाई बोलते, "अपरलिप्स?" मी म्हणते नको. "हनुवटीला पण आलेत." माहितीये. "फोरहेड?" अगं बाई, मी कपाळ घेऊन जन्मले ते परत पाठवू का आता! आणि शाळेतला तो मुलगा, जो मला "मिशीवाली" म्हणायचा, तो आता जळगावात स्वतः कोरून दाढी ठेवून फिरतो, त्याच्या दाढीला बियर्ड ऑइल, आमच्या मिशीला दोरा. आणि बायोडाट्यावर "वर्ण: निमगोरा" हा जो प्रकार आहे, तो मला आजवर कुठल्याच माणसात दिसलेला नाही. एका गोरेपणाच्या क्रीमने 2020 मध्ये नावातला गोरेपणा काढला म्हणून पेपरात केवढं कौतुक झालं होतं, आमच्या गल्लीत त्या बातमीचा पेपर बिबड्यांखाली अंथरला गेला.

हे सगळं मी टाइप करतेय आणि मधेच फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून स्वतःची हनुवटी बघितली. एक काळा जाड केस आहे. चिमटा शोधायला उठले पण. क्रांती नंतर, आधी तो केस. रविवारी साखरपुडा आहे दुसऱ्या मामेबहिणीचा, माझी अपॉइंटमेंट पण घेतलेली आहे, अपरलिप्ससकट, कारण तिथे माझ्या काकूंची नजर दुर्बिणीसारखी असते आणि मला त्यांचं "तब्येत बरी नाही का वं?" ऐकायचं नाही. तर असो, माझं तत्त्वज्ञान इतपतच टिकाऊ आहे.

पिंकीला मी जळगावला स्किनच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी आधी पाळी विचारली, वेळेवर आहे, पोटावर छातीवर केस आहेत का बघितलं, नाहीत. हनुवटीवर जाड काळे राठ केस आणि पाळी मागेपुढे असती तर सोनोग्राफी-रक्त सांगितलं असतं म्हणाल्या, इथे मात्र लव मऊ आहे आणि क्रीमच्या हद्दीतच आहे, म्हणून क्रीमचाच प्रताप. ट्यूब बंद. कशी सोडायची ते त्यांनी लिहून दिलं, एकदम हातून सोडली की लालपणा उसळतो म्हणून बरोबर गोळ्या, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि वॅक्स-ब्लीच-थ्रेडिंग सगळं बंद. पहिले काही आठवडे तोंड आधीपेक्षा वाईट दिसेल, घाबरून परत ट्यूब लावायची नाही, हे दोनदा सांगितलं. केस हळूहळू जातील पण महिने लागतील, तोवर फारच वाटलं तर कातरायचे, रेझरने केस जाड होत नाही, टोक बोथट कापलं जातं म्हणून खरखरीत लागतं एवढंच. मामी सगळं ऐकून शेवटी काय विचारते? "क्रीम सोडी दिन्ही तं पोर परत काळी पडी का?" डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

परत येताना मी मामीने ट्यूब आणली त्याच मेडिकलसमोर गाडी थांबवली. भांडायलाच गेले होते, सगळी वाक्यं तयार होती, शेड्यूल एच, लाल पट्टी, तक्रार करते वगैरे. ट्यूब काउंटरवर आपटली. म्हटलं ही चिठ्ठीशिवाय कशी देता? त्याने ट्यूब उलटी करून बघितली, मग माझ्याकडे बघितलं, रंगाकडे आणि मग ओठाच्या वर, आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "ताई, ही नाही सूट झाली का? याच्यापेक्षा लाइट एक आलीये, तुमच्यासाठी देऊ?"